फुटलेला थर्मामीटर आणि कोटा फरशीच्या सांधी: इंदूरच्या एका घरातलं प्रकरण

मे महिना, इंदूरचं लोकमान्य नगर, तळमजल्यावरची जुनी खोली. खाली कोटा फरशी, भिंतीला लागून लोखंडी दिवाण, त्याच्यासमोर सतरंजी आणि खिडकीत कूलर चालू. शेजारच्या काकूंच्या दीड वर्षाच्या नातवाला ताप होता. काखेत लावून ताप बघून झाला, पारा खाली उतरवायला काकूंनी थर्मामीटर झटकला आणि तो दिवाणाच्या कडेवर आपटून फुटला. काच अर्धी सतरंजीवर अर्धी फरशीवर, आणि चांदीसारखे चकचकीत मणी सगळीकडे. काकांनी लगेच केरसुणी घेतली आणि एक हात मारला सुद्धा, तेवढ्यात सुनेने मला फोन लावला कारण मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काम करतो हे तिला माहिती.

फोनवर मी पहिल्यांदा विचारलं की थर्मामीटर बाळाच्या तोंडात होता का. नव्हता. हे विचारायचं कारण काच, पारा नाही. बऱ्याच लोकांना वाटतं गिळलेला पारा म्हणजे विष, पण हा धातूरूप पारा पोटातून जवळजवळ काही शोषला न जाता बाहेर पडतो, तोंडात फुटला असेल तर काचेने जखम होण्याची भीती जास्त. तशा वेळी उलटी करवायची नाही, तोंड पुसून काचेचे तुकडे काढायचे आणि डॉक्टरला दाखवायचं. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, तिथेही विचारता येतं.

दुसरा प्रश्न, आत काय होतं, चांदीसारखं की लाल-निळं? लाल किंवा निळं असेल तर ते रंगवलेलं अल्कोहोल, साधं पुसून टाका, विषय संपला. चांदीसारखं असून गोल मणी होऊन घरंगळत असेल तर पारा. (हल्ली काही थर्मामीटरमध्ये पाऱ्यासारखं दिसणारं दुसरं मिश्रण असतं, पण ते काचेला आणि फरशीला चिकटून पसरतं, असे टपोरे मणी करत नाही.) काकूंकडे पाराच होता.

मग सांगितलं की केरसुणी आहे तिथेच खाली ठेवा, बाळाला घेऊन सगळे बाहेर या, येताना चपला दारातच काढा, कूलर आणि पंखा बंद, रस्त्याकडची खिडकी पूर्ण उघडी आणि घरात उघडणारं दार घट्ट बंद. कूलर बंद करायला काका तयार नव्हते, उकाड्यात सगळ्यांना घाम फुटला होता, पण खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि ती हवा खोलीतून वाट काढत दारामधून बाकीच्या घरात जाते, म्हणजे त्या खोलीत जी काही वाफ असेल ती आपण स्वतः स्वयंपाकघरापर्यंत पोचवतो. म्हणून कूलर आधी बंद.

ह्यात खरी भीती कशाची हे मी काकांना ओट्यावर उभं राहूनच सांगितलं, कारण ते म्हणाले "अरे आम्ही तर शाळेत तळहातावर पारा घेऊन खेळायचो, काय झालं आम्हाला?" त्यांचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे, कातडीतून पारा फार कमी आत जातो. पण पारा साध्या खोलीच्या तापमानाला हळूहळू उडत असतो, ती वाफ दिसत नाही, वास येत नाही, आणि श्वासातून आत गेलेल्यापैकी बहुतेक, साधारण ऐंशी टक्के, शरीरात राहते. उष्णता दहा अंशांनी वाढली की हवेत मावणारी वाफ जवळपास दुप्पट होते, त्यामुळे डिसेंबरपेक्षा मेमध्ये हे जास्त गंभीर. एका तापाच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅमच्या आसपास पारा असतो, सगळा एका ठिकाणी गोळा केला तर तुरीच्या दाण्याएवढा मणी. तो मणी उचलून बाटलीत घातला की काम झालं. पण तोच फरशीच्या सांधीत, दिवाणाच्या पायाखाली, सतरंजीच्या विणीत अडकला तर महिनोनमहिने उडत राहतो, आणि त्या खोलीत जमिनीवर रांगणारं, वाढत्या मेंदूचं मूल झोपतं. म्हणजे सगळी मेहनत करायची ती न दिसणाऱ्या मण्यांसाठी.

आता केरसुणीचं. पाऱ्याच्या एका मण्याचे सारखे हजार मणी केले तर पारा तेवढाच राहतो पण हवेला लागणारा पृष्ठभाग दहापट होतो, म्हणजे वाफ होण्याची जागा दहापट. केरसुणी नेमकं हेच करते, शिवाय बारके मणी तिच्या काड्यांमध्ये अडकून बसतात आणि उद्या दुसऱ्या खोलीत पडतात. व्हॅक्यूम क्लीनर त्याहून वाईट, तो पारा आत ओढून गरम हवेबरोबर वाफ करून खोलीभर फेकतो आणि मशीन कायमचं खराब होतं ते वेगळं. काकांचा एकच हात लागला होता म्हणून नुकसान थोडक्यात राहिलं, पण काच पडली होती त्या जागेपासून दिवाणाखाली भिंतीपर्यंत मणी गेले होते. ती केरसुणी नंतर आम्ही सगळ्या कचऱ्याबरोबर पॅक करून दिली, परत वापरली नाही.

मी सामान घेऊन पोचलो तेव्हा आधी काकूंच्या हाताकडे बघितलं. त्यांनी पहिल्याच झटक्यात काच उचलायचा प्रयत्न केला होता आणि उजव्या हाताच्या अंगठीवर पांढरट डाग पडला होता. पारा सोन्याला लागला की सोनं त्याला शोषून घेतं आणि पांढरं पडतं, त्यामुळे साफ करणाऱ्याने अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ सगळं आधी काढून ठेवायचं. काकूंना वाटलं गॅसवर जरा तापवलं की डाग जाईल, आणि डाग जातो सुद्धा, पण जातो तो वाफ होऊन, तुमच्या तोंडासमोर. ती अंगठी झिपवाल्या छोट्या पिशवीत बंद करून ठेवली, आणि सोनाराकडे नेताना आधी "ह्याला पारा लागलाय" असं सांगायला सांगितलं, कारण तो बिचारा नेहमीसारखी भट्टीत टाकायला जाईल.

सामानात काही खास नव्हतं. भांडी घासायचे रबरी हातमोजे, दोन जुन्या लग्नपत्रिका (जाड कागद, कडक धार), सुई काढलेली सिरिंज, रुंद चिकटपट्टी, काकांचा जुना दाढीचा ब्रश आणि शेव्हिंग क्रीम, टॉर्च, ओले टिश्यू पेपर, झिपवाल्या पिशव्या आणि घट्ट झाकणाची काचेची बरणी.

काच सगळ्यात आधी. मोठे तुकडे मोजे घालून उचलले, टिश्यूत गुंडाळले, पिशवीत. थर्मामीटरच्या टोकाच्या फुग्यात थोडा पारा अडकून राहिला होता, तो तुकडा न झटकता तसाच बरणीत. मग दोन पत्रिकांनी, बाहेरच्या बाजूने आत, एकदम सावकाश मणी एकमेकांकडे ढकलत आणले. घाई केली की मणी उडून लांब जातात, हळू आणलं की ते आपोआप एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि मोठा मणी पत्रिकेवर घेऊन बरणीत सोडणं सोपं. बरणीत तळाला बोटभर पाणी ठेवलं होतं, पारा पाण्याखाली राहिला की उडणं फार कमी होतं, आमच्या लॅबमधली जुनी सवय आहे ही.

खरं काम त्यानंतर. कोटा फरशीच्या दोन लाद्यांमधली सांध घरात दिसत नाही पण पाऱ्याला ती नाल्यासारखी, मणी जाऊन आत बसतात. त्यासाठी खिडकीवर चादर धरली, खोली अंधारी केली आणि टॉर्च जमिनीवर आडवी ठेवून फरशीला घासून जाईल असा उजेड पाडला. वरून टॉर्च मारली तर काही दिसत नाही, आडव्या उजेडात मात्र मोहरीपेक्षा बारीक मणीसुद्धा ताऱ्यासारखा चमकतो. सांधीतले मणी सिरिंजने ओढून घेतले, टोक मण्याला टेकवायचं आणि दट्ट्या हळूच मागे. जे सिरिंजमध्ये येत नव्हते त्यांच्यावर चिकटपट्टी दाबून उचलली, प्रत्येक वेळी नवा तुकडा, वापरलेला आतल्या बाजूने दुमडून पिशवीत. शेवटी ब्रशला शेव्हिंग क्रीम लावून तो सांधीवर टेकवत टेकवत गेलो, क्रीममध्ये उरलेसुरले मणी अडकतात. ब्रश ओढायचा नाही, टेकवायचा. तो ब्रशही नंतर कचऱ्यात.

दिवाण हलवायला सगळ्यांचा नकार होता, जड आहे, आणि तिथे काही नसेल असं काकांचं म्हणणं. पण केरसुणीचा हात त्याच दिशेने गेला होता, म्हणून उचलून बाजूला घेतला. पायाच्या रबरी बुचापाशी आणि भिंतीच्या कडेला बरेच मणी निघाले. माझं मत आहे की ह्या कामात सगळ्यात जास्त चुकतं ते इथे, लोक समोरचे मोठे मणी उचलतात, समाधान होतं आणि फर्निचर हलवत नाहीत. मणी जमिनीवर कितीतरी लांब घरंगळतात, त्यामुळे फुटलेल्या जागेपासून निदान दहा फुटांपर्यंत आडव्या टॉर्चने बघायलाच हवं.

सतरंजीवरून वाद झाला. ती काकूंच्या माहेरची, ग्वाल्हेरहून आलेली, सुनेचं म्हणणं की वॉशिंग मशीनमध्ये टाकून गरम पाण्याने काढू. तसं केलं असतं तर मशीन, बाकीचे कपडे आणि गटार, तिन्हीकडे पारा गेला असता. विणलेल्या कापडात घुसलेला मणी ना झटकून निघतो ना धुऊन. आधी ती जागेवरच, न उचलता, आडव्या टॉर्चने बघितली. काच पडली होती तो एक कोपरा भरलेला होता, बाकी भाग साफ. मग तो कोपरा हातभर जास्त धरून कात्रीने कापला, गुंडाळून पिशवीत, आणि उरलेली गच्चीवर उन्हात मोकळ्या हवेत नेऊन टाकली, खोलीत परत आणायची घाई नाही असं बजावून. गादीवर किंवा गोधडीवर मोठं सांडलं असतं तर मी ती वाचवायच्या भानगडीत पडलोच नसतो, कापूस आतून साफ करता येत नाही.

मावशी पोचा घेऊन तयार होत्या, बादलीत फिनाईल घालून. त्यांना थांबवावं लागलं. एक तर पोच्याने मणी पसरतात, दुसरं म्हणजे पोच्याचं पाणी शेवटी मोरीत जातं, आणि पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड असल्यामुळे तो वाहून जात नाही, मोरीच्या जाळीखालच्या वळणात तळाला बसतो आणि तिथून उडत राहतो, वरून कितीही पाणी ओता. बेसिनमध्ये हात किंवा मोजे धुतले तरी हेच. आणि ब्लीच किंवा अमोनियाची क्लीनर तर पाऱ्यावर अजिबात टाकायची नाहीत, त्यातून त्रासदायक वायू निघू शकतो. शेवटचं पुसणं आम्ही ओल्या टिश्यूने केलं आणि ते टिश्यू पण पिशवीतच गेले.

गंधकाबद्दल हमखास विचारतात. गंधक आणि पारा मिळून काळपट सल्फाइड बनतं आणि ते जवळजवळ उडत नाही हे खरं, पण खोलीच्या तापमानाला मोठ्या मण्यावर गंधक टाकलं तर फक्त वरची कातडी बनते, आत पारा तसाच राहतो. म्हणून गंधक हे उचलण्याऐवजी नाही, उचलून झाल्यावर. झाडांसाठी मिळते ती गंधक पावडर आम्ही दिवाणाखालच्या सांधींमध्ये भुरभुरवली आणि रात्रभर ठेवली. पिवळी पावडर जिथे तपकिरी पडेल तिथे पारा राहिलाय असं समजायचं. सकाळी एका सांधीत दोन ठिकाणी रंग बदललेला होता, ती जागा परत चिकटपट्टीने उचलली आणि सगळी पावडर ओल्या टिश्यूने गोळा करून कचऱ्यात. नसती मिळाली पावडर तरी चाललं असतं, टॉर्च आणि चिकटपट्टी हेच मुख्य.

मण्यांची सफाई संपल्यावर मग पंखा लावला, पण टेबलफॅन, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे खोलीतली हवा बाहेर. दार बंदच, खिडकी दिवसरात्र उघडी. बाळ आणि सून दुसऱ्या खोलीत झोपले. निदान चोवीस तास असं ठेवायचं, आणि सांधीवाली जुनी फरशी असेल तर मी आणखी एक दिवस जास्त ठेवा म्हणेन. दुसऱ्या रात्री परत अंधार करून आडवी टॉर्च फिरवली, काही चमकलं नाही, तेव्हा खोली वापरायला घेतली. दाराशी काढलेल्या चपलांचे तळवे पण बघितले, काकांच्या एका चपलेच्या खाचेत मणी होता. घरात हवेतला पारा मोजायचं यंत्र कोणाकडे नसतं, त्यामुळे डोळ्यांनी बघणं आणि हवा खेळती ठेवणं एवढंच आपल्या हातात.

बाळाच्या डॉक्टरांना फोन करून झालेलं सांगितलं होतं. लगेच खिडकी उघडून साफ केलेल्या एका थर्मामीटरने सहसा काही होत नाही. पण बंद खोलीत तसंच पडून राहिलं असेल, किंवा कोणी तो पारा गरम केला असेल आणि नंतर खोकला, छातीत दाटणं, तोंडात धातूची चव असं काही जाणवलं तर वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

आता जमलेल्या कचऱ्याचं. बरणीचं झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळली, बरणी एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत. टिश्यू, पट्ट्या, ब्रश, मोजे, सतरंजीचा कोपरा दुसऱ्या डबल पिशवीत, केरसुणी वेगळी गुंडाळून. सगळ्यावर कागद चिकटवला आणि तो मुद्दाम हिंदीत लिहिला, "टूटा थर्मामीटर, पारा है, खोलें नहीं", कारण वाचणारा गाडीवरचा माणूस आहे. गाडी येईपर्यंत हे सामान घरात नाही, गच्चीच्या जिन्याखाली सावलीत, मुलांच्या हाताबाहेर.

२०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या घातक कचऱ्याच्या व्याख्येत फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, सीएफएल आणि ट्यूबलाइट नाव घेऊन लिहिलेले होते. इंदूरला आपल्याला ह्याचा फायदा असा की गाडीवर ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरेलू हानिकारक असे वेगळे कप्पे आहेत. काकांनी सवयीने सुक्यात टाकायला घेतलं होतं. सुका कचरा पुढे जाऊन माणसं हाताने निवडतात, बरणी तिथे फुटली तर वाफ त्यांच्या नाकात. ओल्यात टाकलं तर तो देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो, आणि तिथे गॅसबरोबर खत पण बनतं, म्हणजे पारा शेवटी कोणाच्या तरी शेतात. म्हणून मी गाडी आल्यावर स्वतः खाली गेलो, कप्प्यात नुसतं न टाकता हातात दिलं आणि म्हटलं, "भैया, इसमें पारा है, हानिकारक वाले में अलग रखना।" त्यांनी बरणी बाजूला उभी करून ठेवली. गाडीवाल्याने घेतलं नाही तर झोन ऑफिसला नाहीतर इंदूर ३११ ॲपवर विचारायचं, पण कुठल्या तरी डब्यात ढकलून मोकळं व्हायचं नाही.

ह्या पद्धतीला मर्यादा आहे तीही सांगतो. हे सगळं एका तापाच्या थर्मामीटरपुरतं. पाऱ्याचं जुनं बीपी मशीन फुटलं तर त्यात शंभर ग्रॅमच्या आसपास पारा असतो, ते घरच्यांनी पत्रिका आणि टॉर्च घेऊन साफ करायचं काम नाही, खोली बंद करून बाहेर पडा आणि महापालिकेला नाहीतर फायर ब्रिगेडला कळवा.

हे सगळं बघून शेजारच्या जोशी वाड्यातल्या एका आजींनी विचारलं की मग ट्यूब फुटली तर पण एवढं सगळं? नाही. ट्यूबमध्ये किंवा सीएफएलमध्ये पारा काही मिलिग्रॅम असतो, म्हणजे थर्मामीटरच्या मानाने अगदी थोडा, आणि तिथे मणी दिसतच नाहीत. तिथला पारा वाफेत आणि आतल्या पांढऱ्या पावडरमध्ये असतो. त्यामुळे क्रम बदलतो, आधी पंखा-कूलर बंद, खिडकी उघडी आणि सगळे दहा मिनिटं खोलीबाहेर, वाफ निघून जाऊ द्यायची. मग जाड कागदाने काच गोळा करायची, पावडर चिकटपट्टीने आणि ओल्या टिश्यूने उचलायची, सगळं झाकणाच्या बरणीत किंवा झिपच्या पिशवीत. केरसुणी इथेही नाही, पावडर उडते. आणि जुनी, न फुटलेली ट्यूब द्यायची असेल तर तिला तोडून डब्यात बसवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून तशीच लांबच्या लांब गाडीवाल्याच्या हातात द्या, त्याच हानिकारकच्या कप्प्यासाठी.